'एक छान नाव सुचवा' एवढ्याच निरोपावरून धंद्याचं नाव कसं ठरवायचं

"दादा, नवीन बिझनेस चालू करतोय, एक मस्त नाव सुचवा ना."

पाकिटं, दुकानाचे बोर्ड, कार्डं करणाऱ्या प्रत्येकाकडे असा निरोप येतो. धंदा कशाचा, माल घेणार कोण, नाव मराठी हवं की इंग्रजी, भारदस्त हवं की घरगुती, यातलं एक अक्षरही त्यात नसतं. विचारणाऱ्याचं फार चुकतं असंही नाही. धंदा महिनोन् महिने त्याच्या डोक्यात घोळत असतो, त्यामुळे समोरच्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही हे त्याच्या लक्षात येत नाही. अशा कोऱ्या मागणीपासून बोर्डावर लावता येईल अशा नावापर्यंत कसं जायचं, ते इथे एका उदाहरणासकट सांगतो.

आधी यादी देऊ नका

असा निरोप आला की हात शिवशिवतात आणि दहा नावं पाठवली जातात: युनिक, रॉयल, ओम एंटरप्रायझेस, श्री ट्रेडर्स, ड्रीम क्रिएशन्स. ही नावं सुचतात, कारण ती कशालाही चालतात. प्लायवूडला चालतात, ट्यूशनला चालतात, केटरिंगलाही चालतात. म्हणूनच ती कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. पुढे ट्रेडमार्क करायला गेलं की तीच नावं आधी कुणीतरी घेतलेली निघतात.

आणखी एक तोटा आहे. विचारणारा त्या दहांतलं एक उचलतो, पाकिटं छापून घेतो आणि सहा महिन्यांनी कळतं की गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखतच नाही, 'त्या चकलीवाल्या ताई' म्हणून ओळखतं. नाव बदलायचं म्हणजे पाकिटं, बोर्ड, बँकेतलं खातं, सगळं पुन्हा करणं आलं. म्हणून पहिलं उत्तर नेहमी प्रश्नांचं असावं.

पहिलं उत्तर: उत्तर देता येईल असे प्रश्न

'तुमचा टार्गेट कस्टमर कोण?' असं विचारलं की हमखास 'सगळेच' असं उत्तर येतं. 'टोन कसा हवा?' विचारलं की 'छान, युनिक'. प्रश्न पुस्तकी असला की उत्तरही पुस्तकी मिळतं. मी असा निरोप पाठवतो:

"ताई, नाव नक्की काढू. आधी एवढं सांगा. एक, काय विकणार आणि दोन वर्षांनी त्यात आणखी काय येईल? दोन, पहिली दहा गिऱ्हाइकं कोण असतील, ओळखीतली माणसं डोळ्यांसमोर आणून सांगा. तीन, त्यांना नाव पहिल्यांदा कुठे दिसेल, बोर्डावर, पाकिटावर, मोबाइलवर, की कुणाच्या तोंडून ऐकतील? चार, तुमच्या बाजारातल्या कुठल्या दोन दुकानांची नावं आवडतात आणि कुठलं अजिबात आवडत नाही? पाच, धंदा एकट्याचा की भागीदारीत? व्हॉइस मेसेज केलात तरी चालेल."

यातला चौथा प्रश्न सगळ्यांत कामाचा. भाषा आणि ढंग याबद्दल माणसाला थेट सांगता येत नाही, पण आवडीची दुकानं सांगता येतात. एखादी 'आपटे आणि मंडळी' छापाचं नाव सांगते, दुसरी मॉलमधलं इंग्रजी नाव सांगते. तेवढ्यावरून अर्धा रस्ता कळतो. न आवडणारं नाव तर आणखी बोलतं, कारण नावडीबद्दल माणसं मोकळेपणी आणि कारणासकट बोलतात.

शेवटची सूचना व्हॉइस मेसेजची आहे, तीही सोय म्हणून नाही. माणूस बोलताना आपल्या मालाबद्दल जे शब्द वापरतो ते तो लिहिताना वापरत नाही, आणि नाव बऱ्याचदा त्या बोलण्यातच असतं.

उत्तर आलंच नाही तर

कित्येकदा 'तुम्हीच सांगा हो, तुम्हाला अनुभव आहे' एवढंच येतं. मग प्रश्न सोडून नावं पाठवायची, पण ती चाचपणीची. पाच नावं, पाच वेगळ्या दिशांची: एक आडनावाचं, 'अमुक आणि मंडळी' असं, एक जुन्या मराठी शब्दाचं, समजा 'ओसरी', एक सरळ इंग्रजी, 'नॉर्थलेन'सारखं, एक नात्याचं किंवा घरपणाचं, 'माहेरघर'सारखं, आणि एक अर्थ नसलेलं, घडवलेलं, समजा 'तुवारा'. यातलं कुठलंही ठेवायचं नाही, हे त्यांना आधी स्पष्ट सांगायचं. मग एकच विचारायचं: यातलं सगळ्यांत वाईट कुठलं आणि का?

'आडनाव नको, सासरचं आहे, माहेरच्यांना आवडणार नाही.' 'ओसरी म्हणजे फार जुनाट, आमचं गिऱ्हाईक कॉलेजचं आहे.' 'इंग्रजी नको, गावात कुणी म्हणणार नाही.' जे प्रश्नांतून मिळालं नव्हतं ते अशा एकेका वाक्यातून मिळतं. पाचही नावं एकाच छापाची पाठवली, म्हणजे पाचही गोड मराठी किंवा पाचही चकचकीत इंग्रजी, तर मात्र उत्तर 'सगळीच छान आहेत' असं येतं आणि आपण होतो तिथेच राहतो.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा वरच्या प्रश्नांना उत्तर आलं ते असं. सांगलीकडच्या दोन जावा. थालीपीठ भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट आणि नाचणी सत्त्व घरी करून विकणार. पुढच्या उन्हाळ्यात पापड-कुरडया घ्यायच्या आहेत. पहिली गिऱ्हाइकं पुण्यात नोकरी करणारी भाचेमंडळी, त्यांच्या सोसायटीतल्या बायका, आणि परदेशी जाणारे नातेवाईक, जे बॅगेत भाजणी नेतात. नाव पहिल्यांदा दिसणार व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पाकिटावर, नंतर प्रदर्शनातल्या स्टॉलवर. आवडणारी नावं जुनी मराठी, पण 'फार देवाधर्माची' नकोत.

एवढ्यावर तीन गोष्टी ठरतात. नावात 'भाजणी' किंवा 'पीठ' नको, कारण पुढे कुरडया येणार आहेत. नाव मराठी हवं, पण पुण्यातल्या सोसायटीत अमराठी शेजारीणही ते वाचणार, म्हणून रोमन लिपीतही ते धड उमटलं पाहिजे. आणि ते फोनवर सांगता आलं पाहिजे.

शब्द कुठून आणायचे? त्यांच्या कामातून. 'भाजणी कशी करता ते पहिल्यापासून सांगा' असं म्हटलं की त्या सांगतात: धान्य सुपात पाखडून घेतो, धुऊन सावलीत वाळवतो, प्रत्येक धान्य वेगळं भाजतो, खमंग वास सुटला की उतरवतो, गार झालं की दळून आणतो. त्यांच्या सासूबाई पायलीने धान्य मोजायच्या, घरात अजून उखळ आहे. सूप, खमंग, दळण, जातं, उखळ, पायली, शीग, वाळवण असे कागदावर शब्द झाले. आता एकेकाला पारखायचं.

'खमंग' कानाला चांगलं, पण ते मालाचं वर्णन आहे. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, 1999 च्या कलम 9 नुसार मालाचा गुण, प्रकार किंवा ठिकाण सांगणारा शब्द एकट्याच्या मालकीचा करून मिळणं अवघड असतं. चिवडा करणारा दुसरा कुणीही 'खमंग' लिहील आणि त्याला अडवता येणार नाही.

'सूप' रोमनमध्ये लिहिलं की टोमॅटो सूप होतं. 'जातं' हे Jata किंवा Jaata लिहावं लागतं; पहिलं 'जटा' वाचलं जातं, दुसरं हिंदी माणूस 'जाता है'मधलं 'जाता' वाचतो. 'दळण' आणि 'वाळवण' यांच्यातला ळ रोमनमध्ये जातो, उरतं 'दलन' आणि 'वलवन'. 'उखळ'चंही तेच. वाईट वाटतं, कारण उखळ पांढरं होणं हा वाक्प्रचार धंद्याच्या नावाला किती शोभला असता! ळ आणि ण असलेली नावं वर्ज्य आहेत असं मी म्हणत नाही. गिऱ्हाईक सगळं मराठी असेल आणि बोर्ड देवनागरीतच राहणार असेल तर खुशाल घ्यावीत. इथे पाकीट परदेशी जाणार आहे, म्हणून अडतं.

एका जावेला वारणा नदीचं नाव घ्यावंसं वाटतं, कारण माहेर तिकडचं. पण दूध-श्रीखंडाच्या बाजारात 'वारणा' हे नाव आधीच घराघरांत पोचलेलं आहे. खाण्याच्याच पदार्थांना तेच नाव देणं म्हणजे आपण होऊन वकिलाची नोटीस मागवणं.

राहिली तीन नावं. 'पायली', 'शिगोशीग' आणि दोघींनी हसत सुचवलेलं 'जावाजावा'.

'जावाजावा' मला मनापासून आवडतं. कोण करतं ते त्यात आहे आणि ऐकणारा हसतो. पण पाचव्या प्रश्नाचं उत्तर इथे आडवं येतं: धंदा दोघींचा आहे. उद्या एकीने अंग काढून घेतलं तर नावातच खोट राहील. शिवाय रोमनमध्ये Jawa लिहिलं की मोटारसायकल आठवते. 'शिगोशीग' भरलेल्या मापाची आठवण देतं, उदारपणा सांगतं, फक्त लांब आहे आणि अमराठी माणसाला फोनवर दोनदा सांगावं लागेल. 'पायली' तीन अक्षरी आहे, ळ-ण नाही, धान्याशी नातं आहे आणि कुरडयांनाही चालतं.

कागदावर नव्हे, तोंडाने आणि बोटांनी तपासा

नाव निवडण्याआधी दोन चाचण्या घ्याव्यात. पहिली फोनवरची. ज्याला धंदा माहीत नाही अशा माणसाला फोन करून एकदाच म्हणायचं, 'पायलीमधून बोलतेय', आणि त्याने काय ऐकलं ते लिहून पाठवायला सांगायचं, देवनागरीत आणि रोमनमध्येही. पाच जणांत तिघांनी वेगळं लिहिलं तर एक तर नाव सोडायचं किंवा स्पेलिंग बदलायचं.

इथे स्पेलिंगचीच गाठ बसते. Payli लिहिलं तर मोबाइलवर पहिली तीन अक्षरं 'पे' अशी वाचली जातात. आजकाल 'पे' दिसलं की पैसे पाठवायचं अ‍ॅप आठवतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरावरून असं नाव आलं की लोक घाबरून ब्लॉक करतात. Payali लिहिलं तर 'पायाली' होतं. Paayli हे त्यातल्या त्यात 'पायली' असंच वाचलं जातं. म्हणून नाव 'पायली', रोमन स्पेलिंग Paayli, आणि हेच स्पेलिंग सगळीकडे, असं इथेच ठरवून टाकायचं.

दुसरी चाचणी पाकिटावरची. नाव साध्या ठळक टायपात छापून पाकिटाला चिकटवायचं आणि हातभर लांबून मोबाइलवर फोटो काढायचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या छोट्या चौकोनात ते वाचता येतं का ते पाहायचं. 'शिगोशीग'मधल्या वेलांट्या या चाचणीत एकमेकींत शिरतात, 'पायली' टिकतं.

'पायली'चा एक धोका मात्र आधीच सांगून ठेवायला हवा. ते जुनं माप आहे आणि पाकीटबंद मालावर वजन ग्रॅम-किलोतच लिहावं लागतं. लीगल मेट्रॉलॉजी कायद्याखाली जुन्या मापात प्रमाण सांगून विकता येत नाही. धंद्याचं नाव 'पायली' असणं वेगळं आणि पाकिटावर 'एक पायली भाजणी' लिहिणं वेगळं. नावाच्या शेजारी आकडा येणार नाही आणि निव्वळ वजन वेगळ्या जागी स्पष्ट छापलं जाईल, एवढं डिझाइनमध्ये पाहायचं.

नाव मोकळं आहे का, ते कसं बघायचं

ट्रेडमार्कचा शोध फुकट आहे आणि स्वतः करता येतो. tmrsearch.ipindia.gov.in वर जायचं. शोधाचे तीन प्रकार दिसतात: Wordmark, Phonetic आणि Vienna Code. शेवटचा चित्रांसाठी असतो, आपल्याला पहिले दोन लागतात. भाजणी, पीठ, मसाले, पापड हे वर्ग 30 मध्ये येतात, लोणची वर्ग 29 मध्ये. म्हणून आधी वर्ग 30 घालायचा, पुढे लोणचं करायचा विचार असेल तर 29 मध्येही पाहायचं.

Wordmark मध्ये Start With, Contains आणि Match With असे पर्याय असतात. बहुतेक जण Match With निवडतात, काही सापडत नाही आणि खूश होतात. फसगत होते ती इथे. नुसतं हुबेहूब नाव पाहून उपयोग नाही. Contains घेऊन paayli, payli, payali, payal असं प्रत्येक रूप घालून पाहायचं. मग Phonetic मध्ये पुन्हा, कारण कायदा उच्चार बघतो. याचा जुना दाखला 'अमृतधारा'चा. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या नावांबद्दल सुप्रीम कोर्टाने 1962 मध्ये सांगितलं की शब्दांचे तुकडे करून अर्थ लावत बसायचं नाही. साध्या, अर्धवट आठवण असलेल्या गिऱ्हाइकाला दोन्ही नावं एकंदरीत सारखी वाटतील का, ते बघायचं. अमृत वेगळं आणि लक्ष्मण वेगळा, हा बचाव तिथे पुरला नाही.

सापडलेल्या नावापुढची स्थिती वाचायला शिका. Registered असेल आणि माल तुमच्यासारखाच असेल, तर ते नाव सोडून द्या. Objected किंवा Opposed असेल तर तो अर्ज अजून झगडतोय, म्हणजे तेही मोकळं नाही. Abandoned किंवा Refused असेल तर ते का झालं ते उघडून बघा. नकाराचं कारण तुमच्या नावालाही लागू असू शकतं. नोंद नसली तरी बाजारात कुणी त्या नावाने बरीच वर्षं विकत असेल तर त्याचाही हक्क असतो, म्हणून गुगल, इन्स्टाग्राम आणि खाद्यपदार्थांच्या ऑनलाइन दुकानांतही तेच नाव शोधून बघायचं.

काही नावं शोधण्याच्या आधीच बाजूला ठेवावी लागतात. आपल्याकडे छत्रपतींचं नाव द्यावं असं पुष्कळांना प्रेमाने वाटतं. पण 1950 च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आहेत, आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. पवित्र ग्रंथांचंही तसंच: अगरबत्तीला 'रामायण' हे नाव एकट्याच्या मालकीचं करून घ्यायचा प्रयत्न सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये अमान्य केला. देवाचं नाव बोर्डावर लावायला कुणी अडवत नाही, पण ते आपलं एकट्याचं होईल अशी आशा धरू नये.

प्रायव्हेट लिमिटेड काढायची असेल तर कंपनीच्या नोंदणीत नाव वेगळं तपासावं लागतं. तिथे एका अर्जात दोन नावं देता येतात आणि मंजूर नाव 20 दिवस राखून ठेवतात. एकवचनाचं अनेकवचन करणं, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर बदलणं याने नाव वेगळं धरलं जात नाही. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकतो: कंपनीचं नाव मंजूर झालं, उद्यम नोंदणी झाली किंवा डोमेन मिळालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं होत नाही. ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा करावा लागतो. वैयक्तिक अर्जदार किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षांची असते, नंतर नूतनीकरण.

दुकान टाकणार असाल तर बोर्डाचंही आताच बघा. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही बोर्ड देवनागरीत मराठी लावावा लागतो आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. नाव इंग्रजी ठेवलंत तरी ते देवनागरीत मोठं दिसणारच आहे. म्हणून कुठलंही इंग्रजी नाव पक्कं करण्याआधी ते देवनागरीत लिहून बघावं. काही नावं तिथे अनोळखी आणि अवघडल्यासारखी दिसतात.

विचारणाऱ्याला काय पाठवायचं

शेवटी दहा नावं पाठवायची नाहीत. तीन पाठवायची, आणि त्यातलं आपल्याला कुठलं पटतं ते सांगायचं. त्या दोन जावांना मी असं लिहीन:

"ताई, माझा कौल 'पायली'ला, रोमनमध्ये Paayli. धान्याच्या मापाचं नाव आहे, फोनवर एकदा सांगून कळतं, पापड-कुरडयांनाही चालेल. पाकिटावर वजन ग्रॅममध्ये वेगळं छापू. दुसरं 'शिगोशीग', गोड आहे पण लांब. पुण्यातल्या अमराठी शेजारणींना दोनदा सांगावं लागेल. तिसरं 'जावाजावा', प्रदर्शनात सगळ्यांत लक्षात राहील, पण दोघी कायम एकत्र राहणार असाल तरच. तिन्ही वर्ग 30 मध्ये उच्चारासकट शोधून घ्या, मग ठरवा. ठरेपर्यंत पाकिटं छापायला टाकू नका."

तीन दिवस थांबून दोघींना वेगवेगळं विचारायचं. एकत्र विचारलं तर धाकटी जाऊ थोरलीच्या होला हो म्हणते. दोघींचं उत्तर एकच आलं की ट्रेडमार्कचा अर्ज, बँकेतलं चालू खातं, उद्यम नोंदणी, खाद्यपदार्थांची एफएसएसएआय नोंदणी आणि पाकीट, सगळीकडे अक्षरन् अक्षर एकच स्पेलिंग घालायचं. एका कागदावर Paayli आणि दुसऱ्यावर Payli असलं की खातं उघडताना बँक अडवते, आणि मग प्रतिज्ञापत्र करायला नोटरीकडे जावं लागतं.